तेरा, एकोणीस आणि GOA: आरएसएच्या असाइनमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला घरीच संध्याकाळी मी इंजिनिअरिंगच्या आणि डिप्लोमाच्या मुलांची शिकवणी घेते. डिचोली, सत्तरी, पेडणे भागातून येणारी यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात. पुढे सगळं इंग्रजीतून होतं आणि ‘मॉड्युलो’ म्हटलं की ती बिचकतात. पण ‘बाकी’ म्हटलं की लगेच उमगतं, कारण भागाकार त्यांनी मराठीत केलेला असतो. नेटवर्क सिक्युरिटीच्या सबमिशनच्या आठवड्यात दर वर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळीकडे उदाहरण एकच वापरलं आहे, म्हणजे वही समोर ठेवून प्रत्येक आकडा पडताळता येईल.

टीचर, या असाइनमेंटमध्ये नेमकं करायचं काय असतं?

दोन छोट्या मूळ संख्या घ्यायच्या, त्यांच्यापासून चाव्यांची एक जोडी तयार करायची, एका चावीने संदेश कुलूपबंद करायचा आणि दुसरीने उघडायचा. पहिली चावी सगळ्या गावाला सांगितली तरी चालते, म्हणून ती सार्वजनिक. दुसरी फक्त आपल्यापाशी ठेवायची, ती खासगी. रॉन रिवेस्ट, आदी शमीर आणि लेन एडलमन यांनी ही पद्धत १९७७ मध्ये मांडली. आरएसए हे नाव त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांचं.

आपण p = 13 आणि q = 19 घेऊ. त्यांचा गुणाकार n = 247. संदेश आहे GOA, म्हणजे आस्की कोडमध्ये ७१, ७९ आणि ६५. तीनही आकडे २४७ पेक्षा लहान आहेत, आणि ते तसे असावेच लागतात. मोठा आकडा घेतला तर काय होतं ते पुढे देवनागरीच्या प्रश्नात आलंच आहे.

२४७ तर मिळाला. मग २१६ कुठून येतो, आणि तो हवाच कशाला?

२१६ म्हणजे १२ गुणिले १८, दोन्ही मूळ संख्यांतून एक-एक वजा करून केलेला गुणाकार. वहीत त्याला φ लिहितात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ‘का’ विचारलं की व्हायवात गप्प. त्यामुळे इथे थोडं थांबूया.

आपलं अक्षर G, म्हणजे ७१. त्याला १३ ने भागलं की बाकी ६ उरते. आता ६ चे घात करत जा आणि दर वेळी १३ ने भागून फक्त बाकी लिहा:

```
6, 10, 8, 9, 2, 12, 7, 3, 5, 4, 11, 1
```

बारा पावलांनी १ येतो. तेरावं पाऊल टाकलं की पुन्हा ६, म्हणजे फेरी पहिल्यापासून सुरू. ही गोष्ट फक्त ६ ची नाही. १३ ने भाग न जाणारी कोणतीही संख्या घ्या, तिच्या बाराव्या घाताची बाकी १ च येते. १९ ने भागून हेच केलं तर अठराव्या पावलाला १ येतो. याला फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतात.

आता वरच्या रांगेतली पाचवी बाकी पाहा. ती २ आहे. कुलूपबंद करणं म्हणजे या रांगेत पाच पावलं चालणं. उघडणं म्हणजे पुढे इतकी पावलं चालणं की फेरी पूर्ण होऊन आपण पुन्हा ६ वर येऊ. एकूण पावलं १२ च्या पटीपेक्षा एकाने जास्त झाली की १३ च्या बाजूने मूळ संख्या परत मिळते. १८ च्या पटीपेक्षा एकाने जास्त झाली की १९ च्या बाजूने मिळते. २१६ ला १२ नेही भाग जातो आणि १८ नेही, म्हणून एकूण पावलं २१६ च्या पटीपेक्षा एकाने जास्त ठेवली की दोन्ही बाजू एकदम जुळतात.

तेव्हा या गणितात दोन वेगवेगळे भाजक आहेत. संदेशाचे आकडे २४७ ने भागायचे. घातांकाचे आकडे, म्हणजे किती पावलं चालायची ती मोजदाद, २१६ ने भागायची. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत सगळ्यात जास्त चुका या दोन भाजकांची अदलाबदल झाल्याने होतात.

e म्हणून ३ घेतला तर चालेल का? तो सगळ्यात सोपा आहे.

इथे नाही चालणार. e म्हणजे कुलूपबंद करताना चालायची पावलं. e आणि २१६ यांचा मसावि १ असावा लागतो, आणि २१६ ला ३ ने भाग जातो. नियम मोडल्यावर काय बिघडतं ते आकड्यांतच पाहा. १ चा घन १. आता ६८ चा घन करा: ६८ चा वर्ग ४६२४, त्याची २४७ ने भागून बाकी १७८. १७८ गुणिले ६८ म्हणजे १२१०४, आणि २४७ गुणिले ४९ म्हणजे १२१०३. बाकी पुन्हा १. दोन वेगळे संदेश कुलूपबंद झाल्यावर एकच आकडा देत असतील, तर उघडणाऱ्याला मूळ आकडा १ होता की ६८ हे कळणार कसं? उघडण्यासाठी कोणताही घातांक d शोधला तरी ते परत वेगळे होणार नाहीत.

२१६ चे मूळ अवयव फक्त २ आणि ३, म्हणून सम आकडे आणि ३ च्या पटी बाद. उरलेल्यांत सगळ्यात लहान ५. आपण e = 5 घेतो. सार्वजनिक चावी झाली (5, 247).

d काढताना माझं उत्तर उणे ४३ आलं. चुकलं का?

नाही, एक पायरी राहिली. ५ ला अशा d ने गुणायचं की २१६ ने भागल्यावर बाकी १ उरेल. युक्लिडची भागाकाराची पद्धत इथे एका ओळीत संपते:

```
216 = 43 × 5 + 1
1   = 216 − 43 × 5
```

म्हणजे ५ चा जोडीदार उणे ४३. पण उणे पावलं चालायची नसतात, म्हणून त्यात एक पूर्ण फेरी, २१६, मिळवा. 216 − 43 = 173. ताळा करा: 5 × 173 = 865, आणि 865 = 4 × 216 + 1. खासगी चावी d = 173.

मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक, उणे ४३ मधलं उणे चिन्ह गाळून d = 43 लिहितात. ५ गुणिले ४३ म्हणजे २१५, बाकी १ नाही, त्यामुळे ताळ्यात चूक लगेच पकडली जाते. ताळा लिहायची सवय ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुसरी चूक जास्त त्रासदायक असते. २१६ ऐवजी २४७ घेऊन जोडीदार शोधतात. तो ९९ येतो, कारण ४९५ ला २४७ ने भागून बाकी १ उरते. वही नीट दिसते, ताळाही जुळतो, कारण ताळ्यातही तोच चुकीचा भाजक असतो. शेवटी G उघडताना ७१ ऐवजी १५१ येतो आणि मग मुलं घातांकाच्या आकडेमोडीत तासभर चूक शोधत बसतात. उत्तर भलतंच आलं तर आधी d काढताना कोणता भाजक वापरलात ते पाहा.

माझ्या मैत्रिणीचा d २९ आहे, माझा १७३. दोघींचे प्रोग्राम चालतात. हे कसं?

दोन्ही बरोबर आहेत. हा प्रश्न विचारणारी मुलगी मला फार आवडली होती, कारण तिने मैत्रिणीचं उत्तर खोडून स्वतःचं लिहिलं नव्हतं.

वर पाहिलं की एक फेरी १२ पावलांची आणि दुसरी १८ पावलांची. दोन्ही फेऱ्या एकाच वेळी पूर्ण व्हायला २१६ पावलं थांबायची गरजच नाही. १२ आणि १८ चा लसावि ३६, तेवढ्या पावलांनीही त्या एकत्र पूर्ण होतात. म्हणून d काढताना २१६ च्या जागी ३६ घेतला तरी चालतो. 36 = 7 × 5 + 1, म्हणून d उणे ७, म्हणजेच २९. आणि १७३ ला ३६ ने भागा: चार वेळा ३६ म्हणजे १४४, बाकी २९. म्हणजे दोघींचा d मुळात एकच.

मूळ निबंधात तिघांनी φ वापरला होता. आजच्या आरएसएच्या मानकात लसावि धरला आहे. तुमच्या असाइनमेंटमध्ये φ वापरा असं स्पष्ट लिहिलं असेल तर १७३ लिहा, आणि खाली एका ओळीत २९ ही चालतो हे कारणासह नोंदवा.

G, O, A कुलूपबंद कसे करायचे? सगळी आकडेमोड दाखवायची का?

एका अक्षराची पूर्ण दाखवा, बाकीच्यांचं उत्तर पुरे. प्रत्येक आकड्याचा पाचवा घात करून २४७ ने भागायचं. एकदम पाचवा घात करू नका. वर्ग करा, बाकी घ्या, पुन्हा वर्ग करा, बाकी घ्या, शेवटी मूळ आकड्याने एकदा गुणा.

```
71^2 = 5041            बाकी 101
71^4 → 101^2 = 10201   बाकी 74
71^5 → 74 × 71 = 5254  बाकी 67
```

G चा झाला ६७. त्याच रीतीने O चा ५३ आणि A चा २२१. पाठवायचा संदेश: ६७, ५३, २२१. हाताने एक पडताळणी करून पाहा: ६७ ला १३ ने भागलं की बाकी २, म्हणजे वरच्या रांगेतलं पाचवं पाऊलच.

उघडताना कॅल्क्युलेटर ‘Math ERROR’ दाखवतो.

दाखवणारच. ६७ चा १७३ वा घात ३१६ अंकी आहे आणि साधे सायंटिफिक कॅल्क्युलेटर शंभरेक अंकांपुढे हात टेकतात. २९ घेतलात तर आकडा ५३ अंकी होतो. तिथे एरर येत नाही, पण कॅल्क्युलेटर पहिले दहा-बारा अंक ठेवून बाकीचे टाकून देतो, आणि बाकी ठरते ती नेमकी त्या शेवटच्या अंकांवरून. त्यामुळे एरर आलेली बरी, निदान चूक झाली हे कळतं.

उपाय तोच, वर्ग करत जाणे. ६७ पासून सुरू करून दर ओळीला मागच्या बाकीचा वर्ग करा आणि २४७ ने भागा:

```
67^1    67
67^2    43
67^4    120
67^8    74
67^16   42
67^32   35
67^64   237
67^128  100
```

आता १७३ ला दोनाच्या घातांत मोडा: 128 + 32 + 8 + 4 + 1. त्या पाच ओळींच्या बाक्या एकामागून एक गुणा आणि प्रत्येक गुणाकारानंतर भागा.

```
100 × 35  = 3500   बाकी 42
42 × 74   = 3108   बाकी 144
144 × 120 = 17280  बाकी 237
237 × 67  = 15879  बाकी 71
```

७१, म्हणजे G परत आला. सात वर्ग आणि चार गुणाकार, एवढंच काम. २३७ चा वर्ग करायचा कंटाळा आला तर २३७ म्हणजे २४७ उणे १०, म्हणून त्याच्या जागी उणे १० घ्या. वर्ग १०० लगेच मिळतो. हाताने करताना मी नेहमी असंच करते. आणि मैत्रिणीचा २९ घेतलात (16 + 8 + 4 + 1) तर पहिला गुणाकार करायची गरजच राहत नाही. थेट ४२ पासून सुरुवात होते आणि पुढच्या तीन ओळी जशाच्या तशा येतात. ताडून पाहा, आधीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे डोळ्यांना दिसतं.

सी मधल्या माझ्या प्रोग्रामला G आणि A बरोबर येतात, फक्त O चुकतो. असं एकाच अक्षराशी वैर कसं?

डिचोलीहून येणाऱ्या एका मुलीने ही वही माझ्यापुढे ठेवली तेव्हा ती रडवेली झाली होती. दोन दिवस तिने O चा आस्की कोडच चुकीचा आहे का हे शोधण्यात घालवले होते. पडद्यावर O च्या जागी −८६ होतं.

तिने लूपमध्ये आधी पूर्ण पाचवा घात केला होता आणि शेवटी एकदाच २४७ ने भागलं होतं, int मध्ये. int ची कमाल मर्यादा बहुतेक मशीनवर २१४,७४,८३,६४७. आता तिघांचे पाचवे घात पाहा:

```
65^5 = 1160290625
71^5 = 1804229351
79^5 = 3077056399
```

पहिले दोन मर्यादेत बसतात, तिसरा बाहेर सांडतो. सांडलेला आकडा मशीन उणे करून ठेवते आणि उणे आकड्याला % लावला की सी मध्ये बाकीही उणे येते. बाकी उणे दिसली की कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. पण सांडलेला आकडा कधी कधी अधिकच राहतो आणि मग काही कळत नाही, म्हणून उणे चिन्हाच्या भरवशावर राहू नका.

दुरुस्ती एका ओळीची: प्रत्येक गुणाकारानंतर लगेच भागा.

```c
int c = 1;
for (int i = 0; i < 5; i++)
    c = (c * m) % 247;
```

आता c कधीच २४६ च्या वर जात नाही. long long लावूनही O बरोबर येईल, पण उघडताना १७३ वा घात त्यातही मावणार नाही. pow() तर वापरूच नका. ते दशांशात मोजतं, आणि ६७ चा १७३ वा घात double च्या आवाक्याबाहेर असल्याने तिथे inf मिळतो.

पायथनमध्ये ७१ चं उत्तर ६६ येतंय, ६७ नाही. एकाचा फरक कुठे पडला?

फरक एकाचा दिसतो हा केवळ योगायोग. तुम्ही 71^5 % 247 लिहिलं असणार. पायथनमध्ये (आणि सी मध्येही) ^ हा घात नसून बिटांचा एक्सॉर आहे, आणि ७१ व ५ चा एक्सॉर ६६. घातासाठी ** असतं, आणि या कामासाठी तीन आकडे घेणारं pow:

```python
p, q, e = 13, 19, 5
n = p * q
phi = (p - 1) * (q - 1)
d = pow(e, -1, phi)
for ch in "GOA":
    c = pow(ord(ch), e, n)
    print(ch, c, chr(pow(c, d, n)))
```

pow(e, -1, phi) हे ३.८ पासूनच्या पायथनमध्ये चालतं. लॅबमध्ये जुनं असेल तर d हाताने लिहा, १७३.

A चा २२१ आला. A तर १३ ची पट आहे, मग नियम मोडत नाही का?

उघडायला काही अडत नाही. ६५ ला १३ ने भागून बाकी शून्य, शून्याचा कितवाही घात शून्यच, तेव्हा १३ च्या बाजूने तो आपोआप परत येतो. १९ च्या बाजूने नेहमीची अठराची फेरी चालते. दोन्ही बाजू जुळतात आणि ६५ मिळतो.

अडचण वेगळीच आहे, आणि मला ती या उदाहरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. २२१ हा कुलूपबंद आकडा वाटेत कोणाच्याही हाती लागू शकतो. २४७ तर जाहीरच आहे. त्या माणसाने या दोघांचा मसावि काढला तर?

```
247 − 221 = 26
221 = 8 × 26 + 13
26  = 2 × 13
```

मसावि १३. म्हणजे p सापडला. २४७ ला १३ ने भागलं की q, मग २१६, मग d. एक A पाठवला आणि खासगी चावीच देऊन बसलो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत A, L आणि N या तिघांच्या बाबतीत हे होतं, कारण ६५ आणि ७८ या १३ च्या पटी आणि ७६ ही १९ ची. खऱ्या चावीत p आणि q तीनशेपेक्षा जास्त अंकांचे असतात, त्यामुळे संदेश चुकून त्यांची पट निघण्याची शक्यता धरण्याजोगी नसते. छोट्या आकड्यांत मात्र ते समोरच घडतं, आणि असाइनमेंटच्या शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली हा मसावि आकड्यांनिशी लिहिलात तर तपासणारा ते थांबून वाचेल.

मी MAPUSA पाठवून पाहिलं. M जसाच्या तसा आला!

म्हापशाच्या मुलांनी हे शोधून काढलं याचं मला नवल नाही, प्रत्येक जण आपल्या गावाचंच नाव टाकून बघतो. निकाल असा:

```
77 221 188 206 239 221
```

M चा कोड ७७. त्याचा वर्ग ५९२९, आणि २४७ गुणिले २४ म्हणजे ५९२८. बाकी १. वर्गाची बाकी १ असेल तर चौथ्या घाताचीही १, आणि पाचव्या घाताला ७७ परत हजर. मडगाव लिहिलंत तरी पहिलं अक्षर उघडंच जाणार. ० ते २४६ मध्ये असे न बदलणारे आकडे एकूण १५ आहेत. प्रोग्राम बरोबर आहे, घाबरू नका.

त्याच रांगेत दुसरं काही दिसतं का पाहा. २२१ दोनदा आला आहे, कारण A दोनदा आहे. प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच आकडा मिळतो, म्हणजे हा शेवटी अक्षराला अक्षर बदलण्याचाच प्रकार झाला. शिवाय चावी सार्वजनिक. तेव्हा कुणीही घरी बसून A ते Z सव्वीस अक्षरं स्वतः कुलूपबंद करून तक्ता बनवावा आणि त्यात २२१ शोधावा. d ची गरजच पडत नाही. म्हणून प्रत्यक्षात अक्षरागणिक असं पाठवत नाहीत. संदेशात दर वेळी नवा यादृच्छिक मजकूर मिसळून मग घात करतात. त्याला पॅडिंग म्हणतात, आणि आरएसएसाठीची चांगली रीत ओएईपी या नावाने ओळखली जाते. एकच संदेश दोनदा पाठवला तरी दोन वेगळे आकडे निघतात, आणि मग तो तक्ता कुणाच्या कामाचा राहत नाही.

देवनागरीत ‘गोवा’ पाठवता येईल का?

थेट नाही. ‘ग’चा युनिकोड आकडा २३२७, २४७ च्या कितीतरी पुढे. तो टाकलात तर प्रोग्राम तक्रार करत नाही, पण उघडल्यावर २३२७ ची २४७ ने भागून उरलेली बाकी मिळते, १०४, आणि पडद्यावर ग ऐवजी इंग्रजी लहान h उमटतो. यूटीएफ-८ मध्ये मात्र ‘ग’चे तीन बाइट होतात, २२४, १६४, १५१, आणि तिन्ही २४७ च्या आत. या एन्कोडिंगमधला कोणताही बाइट २४४ च्या वर जात नाही, त्यामुळे १३ आणि १९ ची आपली जोडी मराठीला जेमतेम पुरते. p = 11, q = 17 घेतलेल्यांना हे जमणार नाही, त्यांचा n १८७ च आहे.

व्हायवात विचारलं, ‘२४७ फोडायला किती वेळ लागेल?’ काय सांगायचं?

सहा भागाकार. २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही, १३ ने जातो. १६ पेक्षा मोठ्या मूळ संख्येपर्यंत जायची वेळच येत नाही, कारण १६ चा वर्ग २५६, २४७ च्या पुढे.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो की खरी चावी सुरक्षित कशी. आज किमान २०४८ बिटांचा n वापरतात, म्हणजे ६१७ अंकी आकडा. गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून अवयव ओळखण्याची झटपट रीत साध्या संगणकांसाठी कुणालाही सापडलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी आरएसए आकडा फोडला, त्यासाठीही अनेक संगणकांना एकत्र राबावं लागलं. ‘फोडणं अशक्य आहे’ असं मात्र म्हणू नका. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि परीक्षक नेमका तिथेच अडवतो.

p आणि q सारखेच घेतले तर?

घेऊ नका. १३ आणि १३ घेतले तर n = 169, त्याचं वर्गमूळ काढलं की गुपित संपलं. शिवाय φ १४४ येत नाही, १५६ येतो, त्यामुळे नेहमीच्या सूत्राने काढलेला d चुकतो.

ब्राउझर बँकेची साइट उघडतो तेव्हा हेच गणित चालतं का?

काही अंशी. तिथे e बहुधा ६५५३७ असतो. पण आरएसए संथ असल्याने पूर्ण मजकूर त्याने कधीच कुलूपबंद करत नाहीत. पूर्वी त्याने फक्त एक छोटी गुप्त चावी पाठवत आणि पुढचा मजकूर एईएससारख्या वेगवान पद्धतीने जाई. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये आरएसएने चावी पाठवणंही काढून टाकलं, कारण सर्व्हरचा d पुढे कधी चोरीला गेला तर साठवून ठेवलेला जुना सगळा संवाद उघडा पडत असे. आता तिथे आरएसए उरलं आहे ते सही करायला: सर्व्हर आपल्या d ने घात करतो आणि तुमचा ब्राउझर जाहीर e ने तो पडताळतो. आपल्या आकड्यांत करून पाहायचं असेल तर ७१ चा १७३ वा घात काढा, २४७ ने भागा, आणि आलेल्या बाकीचा पाचवा घात करा. कागदाच्या अर्ध्या पानात बसतं.